त्रिवार मात्रा

चोवीस तासांत औषधाच्या तीन मात्रा दर आठ तासांनी न देता रुग्णाच्या जागेपणी विभागून देण्याची पद्धत. औषधचिठ्ठीवर ती ‘टी.डी.एस.’ (लॅटिन ‘तेर दिए सुमेन्दुम’, दिवसातून तीनदा घ्यावयाचे) किंवा ‘टी.आय.डी.’ अशी लिहितात. काटेकोर आठ तासांसाठी ‘क्यू८एच’ हे वेगळे चिन्ह आहे. लॅटिन ‘दिएस’ म्हणजे उजेडाचा काळ आणि पूर्ण दिवसरात्र असे दोन्ही. मराठी ‘दिवस’ही तसाच दुहेरी असल्याने सूचनेतील संदिग्धता भाषांतरातही टिकून राहते. ‘अहोरात्रात तीनदा’ असे लिहिण्याची प्रथा पडली नाही.

सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ असे घेतल्यास अंतरे ६, ६ व १२ तासांची होतात. सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ११ या वेळा पाळल्यास झोपमोड न होताही आठ तास साधतात, मात्र झोप आठ तासांहून कमी हवी.

विषम अंतराने काय बिघडते, हे रक्तातील औषधाची पातळी निम्मी होण्यास लागणाऱ्या काळावर, म्हणजे अर्धायुष्यावर, अवलंबून असते. ॲमॉक्सिसिलिनचे अर्धायुष्य सुमारे १ तास आहे. रक्तातील त्याची कमाल पातळी लिटरला ८ मिग्रॅ. आणि जंतूची वाढ रोखणारी किमान पातळी ०·५ मिग्रॅ. धरली, तर चार अर्धायुष्यांत, म्हणजे ४ तासांत, पातळी त्या रेषेला येते. शोषणाचा काळ मिळवून प्रत्येक मात्रेमागे सुमारे ५ तास मिळतात. तीन मात्रांचे १५ तास होतात आणि ते ८-८-८ व ६-६-१२ या दोन्ही मांडण्यांत जवळपास तेवढेच राहतात. पेनिसिलिनवर्गात दिवसाचा ४० ते ५० टक्के काळ पातळी रेषेच्या वर असणे सामान्यतः पुरेसे मानतात, म्हणून नेहमीच्या सौम्य संसर्गात जागेपणीच्या वेळा चालतात. फरक पडतो तो सलग मोकळ्या काळात: रात्रीची ३ तासांची फट ७ तासांची होते. जंतू कमी संवेदनशील असल्यास रेषा वर सरकते व ही फट आणखी रुंदावते. गंभीर संसर्गात घड्याळी अंतराचा आग्रह म्हणूनच अधिक सयुक्तिक वाटतो.

वेदनाशामकांत फट रुग्णालाच कळते. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण ४ ते ६ तास टिकतो. पहाटे दुखणे परतले आणि सकाळच्या मात्रेनंतर शमले, तर रात्रीचे अंतर फार लांबले असण्याची शक्यता असते. चुकलेली दुपारची मात्रा रात्रीच्या मात्रेबरोबर घेणे हा उलट दोष होय. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत किमान ४ तास लागतात.

हृद्शूलावरील नायट्रेट औषधांत मात्र रात्रीची फट मुद्दाम राखतात. पातळी अखंड राहिल्यास शरीराला औषधाची सवय होऊन गुण ओसरतो, म्हणून १० ते १२ तास औषधाविना जाऊ देतात. अशा वेळी ‘सारखे अंतर’ पाळणारा रुग्णच चुकतो.

जेवणाशी जोडलेल्या औषधांत, उदा. मधुमेहावरील अकार्बोजमध्ये, वेळ घड्याळ नव्हे तर घास ठरवतो.