माल फुटका, नग कमी : होलसेलरला पत्र कसं लिहावं
(आमच्याकडे जीएसटीचं काम असलेल्या दुकानदारांसाठी)

"माल खराब आला, बघून घ्या" एवढ्या व्हॉट्सॲपवर पैसे सुटत नाहीत. नग गोडाऊनमधूनच कमी निघाले की वाटेत गेले, हे होलसेलरला त्यातून कळत नाही. म्हणून पत्राची सुरुवात टेम्पो दारात उभा असतानाच होते. नग मोजा आणि बिल्टीच्या पोच प्रतीवर सही करण्याआधी कमी-जास्त तिथेच लिहा. ड्रायव्हर घाई करतोच. कोरी सही गेली की ट्रान्सपोर्टवाला "माल पूर्ण उतरवला" म्हणायला मोकळा. बॉक्सची टेपही पाहा. कंपनीची टेप शाबूत असून आत पाउच कमी असतील, तर चूक बहुधा पॅकिंगची. टेप दुसरीच असेल तर बॉक्स मध्ये कुठेतरी उघडला गेलाय.

सोयाबीन तेलाचे २० बॉक्स मागवले, प्रत्येकात १ लिटरचे १२ पाउच, दर १२५ रुपये अधिक ५ टक्के जीएसटी. आले १८ बॉक्स, त्यांत ७ पाउच फुटलेले. पत्र असं जाईल :

स.न.वि.वि.
आपल्या बिल क्र. … दि. … नुसार २० बॉक्सऐवजी १८ मिळाले. ३ बॉक्स तळाशी ओले होते, त्यांत ७ पाउच शिवणीवर फुटलेले आढळले. पोच प्रतीवर तशी नोंद असून ड्रायव्हरची सही आहे. बॅच नंबर दिसतील असे फोटो सोबत आहेत.
कमी माल : २४ पाउच, ३,००० रु.
फुटका माल : ७ पाउच, ८७५ रु.
जीएसटी : १९३.७५ रु.
एकूण : ४,०६८.७५ रु.
या रकमेची जीएसटीसह क्रेडिट नोट द्यावी. फुटके पाउच वेगळे ठेवले आहेत; आपला माणूस पाठवून ८ दिवसांत पाहून घ्यावेत. उरलेल्या मालाचे पैसे ठरल्याप्रमाणे देत आहोत.
कळावे.

शेवटचं वाक्य गाळू नका. उधारीचा व्यवहार असतो, आणि बाकीचे पैसे अडकत नाहीत हे दिसलं की समोरचाही पटकन हलतो.

फुटके पाउच मात्र पाहणी होईपर्यंत टाकू नका. वास येतो, मुंग्या लागतात, तरी झाकणाच्या डब्यात ठेवा.

बिलातून परस्पर पैसे कापून मोकळं होणं सोपं वाटतं, पण पोर्टलवर बिल पूर्ण २० बॉक्सचंच राहतं. दुकानात न पोचलेल्या मालाचं आयटीसी घेता येत नाही, आणि फुटून वाया गेलेल्याचंही नाही. जीएसटीसह क्रेडिट नोट आली की ती GSTR-2B मध्ये दिसते आणि हिशोब जुळतो. ती येईपर्यंत पत्राची आणि पोच प्रतीची झेरॉक्स आमच्याकडे द्या, म्हणजे त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये तेवढं आयटीसी आम्ही घेणार नाही.

माल ट्रान्सपोर्टमध्ये गेल्याचा संशय असेल तर त्यांनाही वेगळी लेखी नोटीस द्या. कायद्याने त्यासाठी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस मिळतात, पण इतके दिवस थांबलात तर गोडाऊनमधल्या कुणाला काही आठवणार नाही.