बिनला वास येतोय? आधी सुकं किती पडलंय ते बघा

आमच्याकडून कंपोस्ट बिन घेतलेल्या लोकांचे जे फोन येतात त्यातले बहुतेक दोनच गोष्टींचे असतात, एक म्हणजे वास येतोय आणि दुसरं म्हणजे चिलटं झालीत, आणि खरं सांगायचं तर दोन्हीचं मूळ एकच असतं. ओलं जास्त पडलेलं असतं आणि सुकं कमी. म्हणून हे माहितीपत्रक फक्त त्या एकाच गोष्टीवर आहे, बिन कुठे ठेवायचा, खत कधी काढायचं वगैरे बिनसोबतच्या कागदात आहेच.

ओलं म्हणजे स्वयंपाकघरातलं सगळं, भाजीची देठं, फळांची सालं, चहा-कॉफीचा चोथा, बागेतलं ताजं कापलेलं गवत. याला हिरवं किंवा ग्रीन पण म्हणतात पण रंगावर जाऊ नका, कॉफीचा चोथा चांगला तपकिरी दिसतो तरी तो ग्रीनमध्येच धरायचा. सुकं म्हणजे वाळका पालापाचोळा, लाकडाचा भुसा, पुठ्ठा, अंड्यांचे कागदी ट्रे, वाळक्या काड्या, हे झालं ब्राऊन. (सुकं म्हणजे प्लास्टिक नाही हो, एका बिनमधून आम्ही बिस्किटाची रिकामी पाकिटं काढलेली आहेत म्हणून लिहितोय.)

आता किती टाकायचं. सगळीकडे वाचायला मिळतं की कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण 25 ते 30 ला 1 हवं, ते बरोबरच आहे, कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण तेवढंच लागतं. भाजीपाल्याच्या कचऱ्यात हे प्रमाण ढोबळमानाने 15 ते 20 असतं आणि वाळक्या पानांत 40 ते 80, म्हणजे दोन्ही मिसळून मधला आकडा गाठायचा. पण घरच्या बिनमध्ये त्याच्या आधी पाणी आडवं येतं, आणि हे फारसं कोणी सांगत नाही.

हिशोब करून दाखवतो. एक किलो भाजीफळांचा कचरा घ्या, त्यात साधारण 850 ग्रॅम नुसतं पाणी असतं. त्यात 300 ग्रॅम वाळकी पानं मिसळली की कार्बन-नायट्रोजनचं गणित तीसच्या आसपास जाऊन बसतं, म्हणजे कागदावर काम झालं. पण ओल मोजली तर ती अजून 68 टक्क्यांच्या घरात असते, आणि ढिगात ओल हवी 50 ते 60 टक्के. नुसत्या पानांनी 60 टक्क्यांवर आणायचं तर पानं अर्धा किलो लागतात. म्हणजे नायट्रोजनला पुरेल एवढं सुकं पाण्याला पुरत नाही. बिनला भोकं असतात, थोडं पाणी वाफ होऊन जातं, थोडं खालून निथळतं, त्यामुळे 300 ते 400 ग्रॅमवर निभतं, पण त्याच्या खाली गेलात की चिकचिकाट ठरलेला.

आता रोज वजनकाटा घेऊन कोण बसणार, म्हणून मापानं सांगतो. एक डबा ओलं तर त्याच डब्यानं दोन डबे चुरलेली पानं. कलिंगड, काकडी, टोमॅटो असलं पाणीदार जास्त असेल तर तीन डबे. पानांऐवजी भुसा वापरत असाल तर एक डबाच पुरतो कारण तो घट्ट बसतो आणि त्यात कार्बन पानांपेक्षा कितीतरी जास्त असतो, पण नुसत्या भुशावर राहू नका, बारीक भुसा भिजला की त्याचा लगदा होतो आणि हवा अडते. पानं किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यांत मिसळून वापरा. प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा अजिबात नको, त्यात गोंद असतो.

वास का येतो तर हवा बंद पडते म्हणून. ओल जास्त झाली की तुकड्यांमधल्या फटी पाण्याने भरतात, हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे जोर धरतात, ते जे वायू सोडतात त्यात सडक्या अंड्यासारखा वास असतो. त्याच्या आधीची पायरी म्हणजे आंबूस, व्हिनेगरसारखा वास, तो आला की समजायचं सुरुवात झाली आहे आणि अजून उशीर झालेला नाही. तिसरा एक वास वेगळा असतो, नाकात झोंबतो, डोळ्यात पाणी येतं, तो अमोनिया. तो बहुतेक एकदम ढीगभर गवत टाकल्यावर येतो, तिथे खरोखर नायट्रोजन जास्त झालेला असतो आणि सुकं मिसळलं की एकदोन दिवसांत जातो. काहीजण वास मारायला राख किंवा चुना टाकतात, तो नका टाकू, त्याने ढीग अल्कधर्मी होतो आणि अमोनिया उलट जास्त सुटतो.

एक उदाहरण सांगतो, एका ताईंचा फोन आला, दीड महिना झाला, चाळीस लिटरचा बिन, सडका वास येतोय आणि झाकण उघडलं की चिलटांचा ढग उठतो. आम्ही विचारलं सुकं टाकता का, तर म्हणाल्या "टाकते ना, दर रविवारी पेपरचा थर देते." जाऊन बघितलं तर खरंच टाकत होत्या, पण पेपरची अख्खी पानं पसरून! ती पानं भिजून एकमेकांना चिकटली होती, आतमध्ये जणू ओल्या पुठ्ठ्याची झाकणं तयार झाली होती आणि प्रत्येक झाकणाखाली आठवड्याचा ओला कचरा गिच्च होऊन बसला होता. खालची भोकंही लगद्याने बुजलेली, त्यामुळे तळाशी तीन-चार बोटं काळं पाणी. झाकणाच्या आतल्या बाजूला तिळापेक्षाही बारीक तपकिरी दाणे चिकटले होते, त्यांना माती वाटली होती, ते चिलटांचे कोष होते.

मग काय केलं, बाहेर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि बिन पूर्ण उपडा केला. वास सुरुवातीला दुप्पट झाला, तो होणारच, आत अडकलेलं सगळं बाहेर पडतं, तेवढ्याला घाबरून परत झाकून टाकू नका. लगदा निघाला साधारण दीड बादली. त्यातली पेपरची पानं हाताने फाडून फाडून सुटी केली, गोळे फोडले, आणि त्यात दोन बादल्या चुरलेली वाळकी पानं आणि एक बादली पुठ्ठ्याचे आणि अंड्यांच्या ट्रेचे तुकडे मिसळले. साधारण दोन बोटांच्या पेराएवढे तुकडे, त्यापेक्षा मोठे ठेवले की परत चिकटतात. तळाची भोकं काडीने मोकळी केली, तळाला चार बोटं जाड वाळक्या काड्यांचा थर दिला म्हणजे पाणी निथळायला जागा राहते, मग मिसळलेलं सगळं न दाबता परत भरलं. मावलं नाही, उरलेलं दुसऱ्या एका भोकं पाडलेल्या बादलीत ठेवलं. वरून दोन बोटं जाड नुसती पानं. झाकण आणि कडा ओल्या फडक्याने पुसून कोष काढले.

पाच दिवस नवीन काही टाकू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी वास निम्म्यावर आला, तिसऱ्या दिवशी हात घातला तर मध्ये कोमट लागत होतं आणि वास ओल्या मातीच्या जवळ गेला होता. चिलटं मात्र लगेच गेली नाहीत, बाईंचा परत फोन आला की तुमचं काम फसलं. फसलं नव्हतं, 25 अंशांच्या आसपास चिलटाचं अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत आठ ते दहा दिवसांचं चक्र असतं, त्यामुळे आत आधीपासून असलेल्या अळ्या आणि कोष फुटून संपेपर्यंत तेवढे दिवस लागतातच. नवीन अंडी घालायला जागा मिळाली नाही की ती आपोआप संपतात, त्यांच्याकडे दोन आठवड्यांनी एखाददुसरं उरलं होतं.

इथेच चिलटांबद्दलची मुख्य गोष्ट आली. चिलटं फक्त बाहेरून शोधत येतात असं नाही, पुष्कळदा अंडी फळांच्या सालीवर आधीच असतात, म्हणजे आपणच ती बिनमध्ये नेऊन टाकतो. मोठा शेतातला ढीग आतून इतका तापतो की अंडी मरतात, पण असा तापायला साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो, आपला घरचा बिन कोमट होतो फार तर. म्हणून उष्णतेच्या भरवशावर राहायचं नाही, झाकायचं. ओलं टाकलं की त्याच वेळी, त्याच फेरीत, सुकं टाकून वरखाली करायचं आणि शेवटी वर दोन बोटं सुकं नुसतं पसरायचं, ओलं काहीही उघडं दिसता कामा नये. "रात्री टाकते", "रविवारी टाकते" यातच सगळा घोळ होतो. सुकं बिनच्या शेजारीच डब्यात भरून ठेवा, लांब असेल तर दोन दिवसांनी आपण कंटाळतो, हे आम्ही आमच्याच बिनवर अनुभवलंय. फळांची सालं दोन दिवस ओट्यावर साठवून मग टाकत असाल तर चिलटं ओट्यावरच तयार होतात, तिथे बिनचा दोष नाही.

मोठ्या, चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या वळवळताना दिसल्या तर त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. दिसायला किळसवाण्या पण कचरा झपाट्याने खातात आणि त्यांची माशी घरात घोंगावत नाही. नको असतील तर सुकं वाढवा, ओल कमी झाली की कमी होतात. शिजवलेलं अन्न, तेलकट, मांस-मासे, दूधदुभतं यांनी मात्र घरातल्या माश्या खरोखर ओढल्या जातात, छोट्या बिनमध्ये ते टाळलेलंच बरं.

सुकं जास्त झालं तर? वास येत नाही, माश्या येत नाहीत, फक्त काही होतच नाही, महिन्याने बघावं तर पानं तशीच आणि मुंग्यांनी घर केलेलं. थोडं पाणी शिंपडा, ओलं वाढवा, सुधारतं. म्हणून अंदाज चुकणारच असेल तर सुक्याच्या बाजूने चुकू द्या.

फोन करण्याआधी एवढं करा. बिनच्या मधून, वरून नाही, एक मूठभर काढा आणि जोरात पिळा. बोटांतून पाण्याची धार लागली तर सुकं कमी आहे, एकदोन थेंब आले आणि गोळा तसाच राहिला तर ठीक आहे, मूठ उघडल्यावर सगळं भुरभुरलं तर कोरडं पडलंय. मग वास कोणता, आंबूस, सडका की झोंबणारा, आणि सुकं म्हणून नेमकं काय टाकता आणि कसं, अख्खं की फाडून, एवढं सांगितलंत की बहुतेक वेळा आम्हाला यायची गरज पडत नाही, फोनवरच काम होतं.