बारावी फिजिक्सचा गुण आराखडा कसा वाचावा: ७० गुणांचा पेपर, ९८ गुणांचे प्रश्न

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावी फिजिक्सच्या आराखड्यात प्रत्येक धड्यासमोर दोन आकडे असतात: गुण आणि विकल्पासह गुण. रोटेशनल डायनॅमिक्ससमोर ५ आणि ७, ऑसिलेशन्ससमोर ४ आणि ५. सोळा धड्यांची पहिली बेरीज ७० होते, दुसरी ९८. पेपरात छापून येतात ते ९८ गुणांचे प्रश्न, त्यातले ७० गुणांचे सोडवायचे. पहिला आकडा हा धड्याचा नुसता भार आहे. पेपरात त्या धड्यावर प्रत्यक्ष किती येणार, हे दुसरा सांगतो.

इथेच मुलं हिशेब मांडतात: २८ गुण जास्तीचे आहेत, म्हणजे सात-सात गुणांचे चार धडे ऑप्शनला टाकले तरी चालेल. कागदावर बरोबर, पेपरात नाही.

कारण हे २८ गुण सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. विभाग ‘अ’मध्ये १० बहुपर्यायी आणि ८ अतिलघुत्तरी प्रश्न, एकेका गुणाचे. हे १८ गुण सक्तीचे, तिथे विकल्पच नाही. ‘ब’मध्ये दोन गुणांचे १२ पैकी कोणतेही ८, ‘क’मध्ये तीन गुणांचे १२ पैकी ८ आणि ‘ड’मध्ये चार गुणांचे ५ पैकी ३. सूट आहे ती अशी: ‘ब’मध्ये ८ गुण, ‘क’मध्ये १२, ‘ड’मध्ये ८. एका विभागात उरलेली सूट दुसऱ्यात वापरता येत नाही.

आता समजा, तुम्ही सात गुणांचे तीन धडे सोडले. पहिल्यावर ‘ड’मधला एक आणि ‘क’मधला एक प्रश्न आला, ४ आणि ३ मिळून ७. दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावरही तसंच. सोडलेले गुण २१, म्हणजे २८ च्या आतच. पण ‘ड’च्या पाच प्रश्नांपैकी तीन हातचे गेले, उरले दोन, आणि लिहायचे आहेत तीन. चार गुण सरळ गेले. ‘ब’मध्ये चार प्रश्नांची सूट तशीच पडून राहिली, पण ती इथे उपयोगाची नाही. याउलट एखाद्या धड्याचे सात गुण १+२+४ असे फुटले, तर ‘अ’मधला तो एक गुण ‘ड’मध्ये कितीही सूट असली तरी जातोच. कोणत्या धड्याचे गुण कसे फुटतील हे आराखडा सांगत नाही. ते पेपर काढणाऱ्याच्या हातात.

म्हणून माझं मत: ऑप्शनला टाकायचाच असेल तर एक धडा, फार तर दोन. तेव्हा ‘ड’ बहुधा सांभाळलं जातं. तेही पूर्ण टाकू नका. व्याख्या, सूत्रं आणि एककं पाहून ठेवा, एका गुणाचे बरेच प्रश्न तिथून येतात.

आराखडा घेताना तो चालू अभ्यासक्रमाचा आहे ना, हे धड्यांच्या यादीवरून तपासता येतं; नुसती बेरीज पुरेशी नाही. धडे सोळा नसतील किंवा विकल्पासह बेरीज ९८ येत नसेल, तर तो कागद बाजूला ठेवा.