टॉवर स्पीकरचा ट्विटर बंद पडणे

दोन टॉवरपैकी एकातून फक्त जाड, दबलेला आवाज येतो, माणूस गोधडीआडून बोलल्यासारखा, तेव्हा बहुतेक वेळा त्या टॉवरचा ट्विटर मुका झालेला असतो. ट्विटर म्हणजे वरच्या बाजूचा छोटा घुमट, साधारण २ ते ३ हजार हर्ट्झच्या वरचे सूर तोच वाजवतो. तो बंद पडला की गाण्यातले स आणि श बोथट होतात, झांजेची किणकिण गायब होते, पण बेस आणि शब्द चालूच राहतात, त्यामुळे टॉवर तीन-वे असेल, म्हणजे मधल्या सुरांना वेगळा स्पीकर असेल, तर घरात कित्येक महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

ट्विटर गप्प आहे म्हणजे तो उडालाच असं नसतं. लोक इथेच चुकतात, लगेच नवीन ट्विटर मागवतात आणि तो बसवूनही आवाज येत नाही. ॲम्पपासून ट्विटरच्या कॉइलपर्यंतची वाट कुठेही तुटली तरी परिणाम सारखाच ऐकू येतो, म्हणून बाहेरून आत तपासत जायचं.

सगळ्यात आधी ॲम्प बंद करून डावी-उजवी वायर ॲम्पच्या मागे अदलाबदल करा. दोष त्याच डब्यात राहिला तर ॲम्प ठीक, दोष दुसऱ्या डब्यात गेला तर भानगड ॲम्पमध्ये किंवा त्याच्या आधी. नेहमीची दोन तारांची वायर तुटली तर अख्खा टॉवर गप्प होतो, नुसता ट्विटर नाही, त्यामुळे वायरवर फार संशय घेऊ नका. मग टॉवरच्या मागे बघा. टर्मिनलच्या दोन जोड्या असतील तर त्यांना जोडणारी पितळी पट्टी किंवा जम्पर जागेवर आहे का, घट्ट आहे का? वरची जोडी सहसा ट्विटरची असते आणि खालच्या जोडीला वायर लावून पट्टी सैल राहिली की नेमका हाच त्रास होतो. नुसती पट्टी घट्ट करून बरे झालेले टॉवर बरेच असतात, आणि कुणी ते आधी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पट्टी ठीक असेल तर डबा उघडावा लागतो. आतला क्रॉसओव्हर म्हणजे सूर वाटून देणारं छोटं बोर्ड. ट्विटरच्या वाटेत त्यात सरळ रांगेत एक कपॅसिटर असतो, जो जाड सूर अडवतो, बऱ्याचदा त्याच रांगेत सिमेंटचा पांढरा रेझिस्टर असतो, जो आवाज जरा कमी करून बेस वाजवणाऱ्या वूफरशी जुळवतो, आणि ट्विटरला समांतर एक तांब्याची कॉइल असते. रांगेतल्या भागापैकी एक जरी तुटला तरी ट्विटर गप्प. काही डब्यांत संरक्षणासाठी छोटा बल्ब किंवा आपोआप रिसेट होणारा फ्यूजही रांगेत असतो, तो गेला तरी तेच.

आता मोजणी. मल्टिमीटर २०० ओहमवर, ॲम्प बंद आणि स्पीकरच्या वायरी पूर्ण काढलेल्या. पट्टी काढून वरच्या टर्मिनलवर मीटर लावला आणि `OL`, म्हणजे वाट तुटलेली, असं आलं की लोक म्हणतात ट्विटर उडाला, पण तिथे कपॅसिटर मध्ये असतो आणि तो डीसी अडवतोच, त्यामुळे धडधाकट टॉवरलाही तिथे `OL` येतो. उलट ट्विटरची वायर न काढता थेट त्याच्या टोकांवर मोजलं तर समांतर कॉइलमुळे अर्ध्या ओहमच्या आसपास आकडा येतो आणि मेलेला ट्विटरही जिवंत वाटतो. म्हणून ट्विटर बाहेर काढून त्याची निदान एक वायर सोडवायची आणि मग मोजायचं. ८ ओहमच्या ट्विटरला साधारण ५ ते ७, ४ ओहमच्याला ३ ते ४ यायला हवेत. पिना लावताना घुमटातून बारीक टक् असा आवाज आला तर आणखी चांगलं. `OL` आला तर कॉइल किंवा तिची केसासारखी बारीक तार तुटली, ट्विटर गेला.

समजा उजवा टॉवर गप्प आहे, पट्टी घट्ट आहे, ट्विटर काढून मोजला तर ५.६ ओहम, म्हणजे ठीक. मग क्रॉसओव्हरवर ट्विटरच्या रांगेतला सिमेंट रेझिस्टर बघितला, अंगावर २.२ ओहम लिहिलेलं, खालचं बोर्ड तपकिरी पडलेलं, एक पाय सोडवून मोजला तर `OL`. तोच दोषी. तेवढ्याच ओहमचा, तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा रेझिस्टर बोर्डपासून जरा वर उचलून बसवला की काम झालं. पण तपकिरी पडलेलं बोर्ड म्हणजे तिथून ट्विटरला खूप जास्त पॉवर गेली होती, त्यामुळे त्या स्पीकरचा पुढे आवाज कमीच ठेवायला हवा.

रेझिस्टरही चांगला निघाला तर कपॅसिटर. एक पाय सोडवून कपॅसिटन्स मोडवर मोजा, ४.७ मायक्रोफॅरडचा त्याच्या जवळपासच यायला हवा. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा नॉन-पोलर किंवा फिल्मचाच घ्यायचा, प्लस-मायनसवाला साधा नाही. शॉर्ट झालेला कपॅसिटर सगळ्यात घातकी, कारण तो बेस थेट ट्विटरवर सोडतो आणि नवा ट्विटरही जाळतो. म्हणून चांगल्या टॉवरचा ट्विटर काढून संशयित डब्यात लावू नका, उलट करा, संशयित ट्विटर चांगल्या डब्यात लावून हळू आवाजात ऐका.

ट्विटर कधीच थेट ॲम्पला लावायचा नाही, मध्ये कपॅसिटर हवाच, आणि बॅटरी लावून बघायचा प्रयोगही त्याच्यावर नको. स्क्रू काढताना स्क्रूड्रायव्हर घट्ट धरा, चुंबक तो ओढून घेतं आणि टोक घुमटात घुसतं. प्लसची वायर कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा, कारण उलटी जोडली तर ट्विटर आणि त्याच्या खालच्या स्पीकरचे सूर जिथे मिळतात तिथला आवाज खचतो. आणि ट्यूबचा ॲम्प असेल तर स्पीकर काढून तो चालू करायचाच नाही, त्याला लोड लागतो.

ट्विटर उडतो तो बहुतेकदा फार मोठ्या ॲम्पमुळे नाही, तर छोटा ॲम्प शेवटपर्यंत पिळल्यामुळे. ॲम्पचा दम संपला की लहरींची डोकी कापली जातात, बेस आणखी वाढू शकत नाही पण वरच्या सुरांची सरासरी पॉवर वाढतच जाते, आणि ट्विटरची कॉइल इतकी बारीक की ती उष्णता तिला सोसत नाही. ट्रेबल १० डेसिबल वाढवला तर वरच्या सुरांना दहापट पॉवर जाते. आवाज खरखरायला लागला की तिथेच कमी करा.

ट्विटर खरंच गेला असेल तर त्याच मॉडेलचा किंवा त्याच कंपनीची सुटी कॉइल-घुमट जोडी घ्या, कोणताही ८ ओहमचा चालत नाही, कारण संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच पॉवरला तो किती मोठा वाजतो ते, ३-४ डेसिबलने वेगळी असेल तर एका बाजूचा स्वर कायम टोचत राहतो. बसवल्यावर आधी अगदी हळू आवाजात, कान ट्विटरजवळ नेऊन, दोन्ही टॉवर मोनोमध्ये एक-एक करून ऐका.