केस-स्टडी प्रश्न (सहकारी मंडळी आणि बचतगट)

सहावी ते आठवीच्या नागरिकशास्त्रात गावातला एखादा छोटा प्रसंग देऊन खाली तीन-चार प्रश्न विचारतात, तो हा प्रकार. बडोद्यातली मराठी मुलं बचतगटाला सखी मंडळ म्हणतात आणि दूध सोसायटीला मंडळी, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

"देशातली पहिली सहकारी संस्था कुठली?" यावर बडोदेकरांचं उत्तर ठरलेलं, अन्योन्य सहाय्यकारी मंडळी, १८८९, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर. उत्तर चूक नाही, पण ती शहरातल्या मध्यमवर्गीयांनी एकमेकांच्या मदतीसाठी काढलेली, आणि तेव्हा सहकाराचा कायदाच नव्हता. कायदा आला १९०४ मध्ये, त्यात ग्रामीण संस्थेचे पाचातले चार सभासद शेतकरी हवेत अशी अट होती, आणि त्याखाली १९०५ मध्ये नोंदली गेलेली गदगजवळच्या कणगिनहाळची पतसंस्था साधारणपणे पहिली मानतात. म्हणजे "पहिली" कशाला म्हणायचं त्यावर सगळं आहे. प्रसंग गावचा असेल तर कणगिनहाळ लिहिलेलं बरं, बडोद्याचा अभिमान जरा बाजूला ठेवून.

गटाचा नेहमीचा प्रसंग असा: बारा बायका, दरमहा प्रत्येकी १०० रुपये, सहा महिन्यांत ७,२०० जमले. एकीने म्हशीच्या चाऱ्यासाठी ६,००० घेतले, व्याज महिन्याला शेकडा दोन, फेड दरमहा १,००० मुद्दल. व्याज किती? मुलं पटकन १२० गुणिले ६ करून ७२० लिहितात, पण मुद्दल दर महिन्याला कमी होतंय ना, म्हणून १२०, १००, ८०, ६०, ४०, २० मिळून ४२०. वहीत शिल्लक मुद्दलाचा वेगळा कॉलम आखलेला नसेल तर समजायचं, इथेच चुकणार. पुढचा प्रश्न जास्त कामाचा, हे ४२० गेले कुठे? सावकाराकडे असते तर त्याच्या खिशात, इथे गटाच्याच पेटीत, सगळ्यांची बचत सारखी म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला ३५, कर्ज घेणारीलासुद्धा.

गटात साधारण दहा ते वीस जणी असतात. वीसची मर्यादा जुन्या कंपनी कायद्यातून आली, त्यापेक्षा जास्त माणसांनी मिळून धंदा करायचा तर नोंदणी लागायची. अशा गटांना बँकेशी जोडायचा नाबार्डचा प्रयोग १९९२ चा.

दूध मंडळीचा प्रसंग छोटाच असतो. एकीकडे एक म्हैस, दुसरीकडे आठ, सभेत मतं किती? "आठवालीला जास्त" हे उत्तर दरवर्षी येतं. मत दोघींना एकेकच, दुधाचे पैसे मात्र फॅट आणि लिटरवर, आणि वर्षाअखेरचा बोनस जिने जेवढं दूध घातलं त्या हिशोबाने.