टॉवेलचा एक्स्पोर्ट भाव आणि चार टक्क्यांचं गणित

सोलापुरात माग रिकामे पडले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सूत-रंग-मजुरी निघतेय ना, मग घेऊन टाका ऑर्डर". ही सवय जुनीच. 1991 पर्यंत निर्यातीवर रोख मदत मिळायची, रुपयाचं अवमूल्यन झालं तशी ती गेली, पुढे 1997 पासून निर्यातीवर आयात ड्युटीचं क्रेडिट देणारी डीईपीबी योजना, तीही 2011 ला संपली. योजना बदलल्या पण इन्सेंटिव्ह भावात धरूनच कोट द्यायची रीत काही बदलली नाही.

खरा घोळ 2019-20 चा. त्यासाठी आधी नमुन्याचा एक हिशेब धरू, आकडे समजण्यापुरते. किलोमागे सूत 240, रंगाई 55, विणकाम पीसरेटने 30, शिवण-पॅकिंग 25, न्हावा शेवापर्यंत ट्रक आणि क्लिअरिंग 8, म्हणजे ऑर्डर घेतली तरच होणारा खर्च 358. भाडं, पगार, व्याज, घसारा यांचे 70 धरले तर पूर्ण खर्च 428. बायर एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या भावात, 365 च्या वर जात नाही. त्यावर सगळे इन्सेंटिव्ह मिळून 7 टक्के, म्हणजे साधारण 25 रुपये, असं धरलं तर हाती 390, किलोला 32 सुटले, आणि माग तसेही बंदच होते, म्हणून होकार.

आता त्या सातातले चार टक्के एमईआयएसचे होते, म्हणजे निर्यातीच्या किमतीवर ठरावीक टक्के ड्युटी क्रेडिटची विकता येणारी स्क्रिप देणाऱ्या केंद्राच्या योजनेचे. मार्च 2019 मध्ये मेड-अप्ससाठी, म्हणजे टॉवेल-चादरींसारख्या तयार मालासाठी, राज्य-केंद्राच्या करांची परतफेड करणारी नवी योजना आली, लोकांनी दोन्ही धरून भाव दिले, माल गेला, पैसे आले, आणि जानेवारी 2020 मध्ये सांगण्यात आलं की एमईआयएस 7 मार्च 2019 पासूनच बंद. मागच्या तारखेने! वर एक टक्क्यापर्यंत जादा मदत दिली, पण चार टक्क्यांचे 14.60 गेले आणि 32 चे 17-18 झाले, ती मदत धरूनही फार तर 21. दुहेरी फायदा नको हे सरकारचं म्हणणं चूक नव्हतं म्हणा, पण भाव ठरून गेलेल्या मालावर ते लावणं मला तरी पटत नाही.

बाकी चुका आपल्याच. जहाजभाडं आणि विमा धरलेल्या सीआयएफ कोटवर टक्केवारी लावायची, जेव्हा हिशेब एफओबीवर होतो. 2021 ला कंटेनरचं भाडं कित्येक पट झालं तेव्हा सीआयएफवाल्यांचे उरलेले रुपयेही जहाजात गेले.

आणि हा भाव माग रिकामे असतील तेवढाच चालतो. तोच बायर तिसऱ्यांदा 365 ला आला, त्यासाठी रात्रपाळी लावली, इथल्या व्यापाऱ्याची 440 ची ऑर्डर मागे ठेवली, की किलोला 32 सुटले असं म्हणता येत नाही, त्या ऑर्डरवर बुडालेलं मार्जिनही खर्चात धरावं लागतं, आणि वर्षभर असंच चाललं तर ते 70 भरणार कोण? देशातल्या भावापेक्षा स्वस्त विकलं तर डंपिंगचा ठपकाही येतो, 1997 ला युरोपने भारतीय बेडलिननवर तशी ड्युटी लावलीच होती; 2001 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत त्यांची मोजण्याची पद्धत चूक ठरली, पण तोवर चार वर्षं गेली.

आमच्याकडचे काही जण आता कोटमध्ये स्क्रिप शून्य धरतात, मिळाली तर वरची.