आरपी कंपनी चालवतो, सीओसी भवितव्य ठरवते: पैसे अडकलेल्या सप्लायरने कुणाकडे काय मागायचं

एखादी कंपनी दिवाळखोरीसाठी एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात गेली की सप्लायरचे फोन सुरू होतात, आणि बहुतेक फोन चुकीच्या माणसाला जातात. आरपीला विचारतात "आमचे किती पैसे देणार?" आणि बँकेच्या मॅनेजरला विचारतात "माल पाठवू का?" खरं तर दोन्ही प्रश्न अगदी उलट दारात जायला हवेत. कंपनी चालवायला नेमलेला रेझोल्यूशन प्रोफेशनल म्हणजे आरपी आणि कर्ज देणाऱ्यांची कमिटी ऑफ क्रेडिटर्स म्हणजे सीओसी यांच्यातला फरक ज्याला कळला त्याची निम्मी धावपळ वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एक उदाहरण घेऊ. समजा चाकणला ऑटो पार्ट्स बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बँक अ चं कर्ज 60 कोटी, बँक ब चं 30 कोटी, आणि डायरेक्टरच्या सख्ख्या भावाने व्याजाने दिलेले 20 कोटी. तुम्ही तिला फोर्जिंग देता आणि तुमचे 2 कोटी थकलेत. बँक अ ने दिवाळखोरी कायद्याच्या म्हणजे आयबीसीच्या कलम 7 खाली अर्ज टाकला. आता नुसता अर्ज टाकल्याने काहीच थांबत नाही हे आधी नीट लक्षात घ्या. एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतल्याची ऑर्डर काढली की त्या तारखेपासून सीआयआरपी म्हणजे दिवाळखोरी निवारणाची प्रक्रिया सुरू होते, कलम 14 चं मोरेटोरियम लागतं, आणि त्याच दिवशी डायरेक्टर बोर्डाचे अधिकार निलंबित होऊन अंतरिम आरपीकडे जातात. म्हणजे काल डायरेक्टरने "पुढच्या महिन्यात निम्मे देतो" असा शब्द दिला असेल तर तो द्यायचा अधिकारच आता त्याच्याकडे उरलेला नसतो.

मोरेटोरियममध्ये कंपनीविरुद्धचे वसुलीचे दावे थांबतात, डिक्रीची अंमलबजावणी थांबते, बँकेला तारण मशीन उचलून नेता येत नाही, आणि शेड भाड्याने दिलेल्या मालकालाही ती परत घेता येत नाही. पण हे कवच कंपनीला आहे, माणसांना नाही. डायरेक्टरने पर्सनल गॅरंटी दिली असेल तर बँक त्याच्या मागे जाऊ शकते. तुमचा चेक बाऊन्स झाला असेल तर कलम 138 ची केस कंपनीवर थांबते पण सही करणाऱ्या डायरेक्टरवर चालू राहते, हे सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय. बरेच जण मोरेटोरियम ऐकून हीही केस सोडून देतात, तसं करू नका.

आता आरपी. हा कंपनी चालती ठेवतो, बँक खातं त्याच्या ताब्यात, पगार तो करतो, ऑर्डर तो देतो. त्यामुळे "माल पाठवू का" हा प्रश्न त्याचाच. पण इथे एक रेघ आहे, ऑर्डरच्या तारखेआधीची थकबाकी आणि नंतरचं बिल. आधीचे 2 कोटी तो तुम्हाला देऊ शकत नाही, तुम्ही कितीही म्हणालात की जुने दिल्याशिवाय नवीन गाडी सोडणार नाही तरी, कारण एकाला जुनं देणं म्हणजे बाकीच्यांना डावलणं. नंतर दिलेला माल मात्र सीआयआरपीच्या खर्चात धरला जातो आणि तो खर्च कंपनी वाचवायच्या रेझोल्यूशन प्लॅनमध्ये सगळ्यांच्या आधी भागवावा लागतो. म्हणून नवीन माल द्यायचा तर आरपीच्या सहीची लेखी ऑर्डर घ्या, जुन्या परचेस मॅनेजरच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर गाडी सोडू नका.

जुन्या 2 कोटींसाठी क्लेम भरायचा, ऑपरेशनल क्रेडिटरचा, म्हणजे माल किंवा सेवा देणाऱ्याचा, फॉर्म बी, सोबत बिलं, चलन आणि लेजर. अंतरिम आरपीच्या नेमणुकीपासून 14 दिवसांची मुदत जाहीर नोटिशीत असते, नोटीस ibbi.gov.in वर पण टाकतात. उशीर झाला तर गप्प बसू नका, कारण देऊन लगेच भरा.

आलेले क्लेम तपासून आरपी यादी करतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा ही आहे. आरपीला सीओसीत मत नसतं, पण कुणाचं मत किती हे त्याच्या यादीवरून ठरतं. भाऊ डायरेक्टरचा नातेवाईक, म्हणजे रिलेटेड पार्टी, त्याचे 20 कोटी क्लेममध्ये धरले तरी सीओसीत जागा नाही. मग उरले 90 कोटी, त्यात बँक अ चा वाटा 66.67 टक्के. रेझोल्यूशन प्लॅन मंजूर करायला 66 टक्के लागतात, म्हणजे बँक अ एकटी प्लॅन पास करू शकते. भाऊ चुकून आत घेतला गेला तर बेरीज 110 कोटी, बँक अ चा वाटा घसरून 54.5 टक्के, आणि बँक ब व भाऊ मिळून तिला अडवू शकतात. एका नावाने सगळं गणित फिरलं. तरी आरपी न्यायाधीश नाही, तो कागद पाहून पडताळणी करतो, आणि त्याने तुमचा क्लेम कापला तर दाद एनसीएलटीत मागायची.

सीओसीत बसतात ते फायनान्शियल क्रेडिटर, म्हणजे बँका आणि तत्सम. सप्लायरला मत नसतं. ऑपरेशनल क्रेडिटरची एकूण थकबाकी कर्जाच्या 10 टक्के किंवा जास्त असेल तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीला बसतो, बोलू शकतो, पण मत तरीही नाही. सीओसी पहिल्याच बैठकीत अंतरिम आरपीला कायम करते किंवा दुसरा आणते, दोन्हीला 66 टक्के लागतात. आरपीला नवीन कर्ज काढायचं असेल तर सीओसीने ठरवलेल्या मर्यादेपुढे त्यांची परवानगी लागते, परवानगीशिवाय केलेला तसला व्यवहार कायद्याने रद्दबातल. आलेल्या प्लॅनमध्ये कायद्याच्या किमान अटी आहेत का एवढंच आरपी बघतो, रक्कम कमी वाटली म्हणून तो प्लॅन बाजूला टाकू शकत नाही. रक्कम पुरेशी की नाही हे सीओसीने ठरवायचं.

तिचं हे ठरवणं किती पक्कं असतं ते एस्सार स्टीलमध्ये दिसलं. हजीराचा कारखाना आरपीच्या देखरेखीत चालू होता, आर्सेलर मित्तलचा सुमारे 42,000 कोटींचा प्लॅन सीओसीने मंजूर केला, पण अपील न्यायाधिकरण एनसीएलएटीने जुलै 2019 मध्ये वाटप बदलून बँका आणि सप्लायर सगळ्यांना जवळपास सारखं, 60 टक्क्यांच्या आसपास द्यायला सांगितलं. सुप्रीम कोर्टाने 15 नोव्हेंबर 2019 ला ते फिरवलं. पैसे कसे वाटायचे हा सीओसीचा व्यावसायिक निर्णय, न्यायाधिकरणाने फक्त कायद्याच्या अटी पाळल्यात का ते बघायचं.

त्या अटींत सप्लायरसाठी एकच मजला आहे: कंपनी मोडीत काढली असती तर जेवढे मिळाले असते किंवा प्लॅनची रक्कम कायद्याच्या क्रमाने वाटली असती तर जेवढे आले असते, यातलं जे जास्त त्यापेक्षा कमी देता येत नाही. क्रमात तारण असलेल्या बँका आणि कामगार वर असल्याने हा आकडा बऱ्याचदा शून्याजवळ येतो, आणि हे मला खटकतं, कारण चाकणच्या आपल्या उदाहरणातल्या फोर्जिंगवाल्याकडे बँकेसारखं तारण कधीच नव्हतं. त्यामुळे 2 कोटींत किती मिळणार याचा जोर लावायचा तर तो मतदानाआधी, बोली लावणाऱ्यापर्यंत आणि सीओसीतल्या बँकांपर्यंत, की बाबा आमचा पार्ट दुसरीकडून मिळायला वेळ लागेल, आम्हाला शून्य दिलंत तर प्लान्ट उद्या कसा चालवणार. एकदा 66 टक्के पडले आणि एनसीएलटीने शिक्का मारला की तो प्लॅन तुमच्यावरही बंधनकारक, आणि उरलेल्या रकमेसाठी नवीन मालकाकडे जाता येत नाही.